आपल्या सवडीनुसार

पेसमेकर-तपासणीच्या खोलीबाहेर खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या आणि दोन्ही रिकाम्या होत्या. आत तंत्रज्ञ यंत्र पुसून बसला होता. ते यंत्र काल पुसलं होतं, परवाही पुसलं होतं. रुग्णांना बोलावणारं पत्र गेल्याला आठवडा उलटून गेला होता आणि हृदय विभागाच्या सिस्टर टेबलावर दोन याद्या पसरून कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"पत्रबाई, जरा इकडे या," त्या म्हणाल्या. "हे तुम्हीच बघा. मला काही उमगत नाही."

पत्रबाई म्हणजे इस्पितळाच्या पत्रव्यवहार विभागातल्या भाषांतरकार. नाव वेगळं होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. इस्पितळातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हाताखालून जायचं. इंग्रजीतून आलं की मराठीत, मराठीतून आलं की इंग्रजीत. वीस वर्षांत त्यांच्या पत्रातली वेलांटी चुकली नव्हती, आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता, तो त्यांनी कधी लपवला नाही.

सिस्टरांच्या दोन याद्या पेसमेकर बसवलेल्या माणसांच्या होत्या. पेसमेकर बनवणाऱ्या कंपनीने कळवलं होतं, की एका विशिष्ट खेपेतल्या यंत्रांची बॅटरी ठरल्यापेक्षा लवकर संपते आहे. ज्यांचं हृदय केवळ त्या यंत्राच्या जिवावर चालतं, त्यांच्यासाठी याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. म्हणून त्या खेपेतल्या सगळ्यांना तपासणीसाठी बोलावणारं पत्र गेलं होतं. नोंदणीच्या वेळी ज्याने जी भाषा निवडली होती, त्या भाषेत. काहींना इंग्रजी, बऱ्याच जणांना मराठी.

"हे इंग्रजीवाले," सिस्टरांनी एका यादीवर बोट टेकवलं. सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या. "दोघे सोडले तर सगळे येऊन गेले. आणि हे मराठीवाले." दुसऱ्या यादीवर खुणा शोधाव्या लागत होत्या.

"टपाल पोचलं नसेल."

"पोचलंय. मी कालपासून फोन करतेय. अर्धे नंबर मुलांचे नाही तर बंद पडलेले, पण जे लागले त्या सगळ्यांना पत्र मिळालंय. ऐका."

त्यांनी फोन उचलला आणि एक नंबर फिरवला. पलीकडून कुणा बाईंचा खणखणीत आवाज आला. "हो हो, मिळालं की पत्र! किती छान लिहिलंय हो. आमच्या सूनबाईंनी वाचून दाखवलं. येणार ना, सवडीने येणार. घाई नाही म्हणताय ना तुम्ही? नातवाची परीक्षा झाली की येते."

पुढचा नंबर. एका दुकानदाराचा. "मला वाटलं देणगी मागताय. इतकं आदबीनं कोण लिहितं हल्ली? तपासणी आहे होय! येऊ की, सवड मिळाली की येऊ."

तिसऱ्याला तर वाटलं होतं, की इस्पितळाचा काही समारंभ आहे आणि जुन्या रुग्णांना मानाने बोलावलंय. तो विचारत होता, कार्यक्रम किती वाजता सुरू होईल.

पत्रबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. सवडीने. सवड मिळाली की. तो शब्द त्यांचा होता. परक्या माणसांच्या तोंडून तो आपल्याकडे परत येतोय आणि प्रत्येक जण तो अगदी बरोबर वापरतोय, हे त्यांनी ऐकलं.

मूळ इंग्रजी पत्र विभागप्रमुख डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं. चार वाक्यांचं, थंड, सभ्य. शेवटी म्हटलं होतं, की तुम्ही 'ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स', म्हणजे सोय होईल तितक्या लवकर, आलात तर आम्ही आभारी होऊ. इंग्रजी दप्तरी पत्रं वाचायची ज्याला सवय आहे त्याला ठाऊक असतं, की ही सभ्यता म्हणजे हातमोजा घातलेला हात आहे. साहेब आभारी होणार म्हणतोय म्हणजे पळा. ज्यांना ते पत्र मिळालं ते पळत आले. पत्रबाईंनाही हे ठाऊक होतं. कच्च्या मसुद्यात त्यांनी आधी लिहिलं होतं, 'लवकरात लवकर तपासणीसाठी यावे.' मग ते खोडलं.

का खोडलं, ते फक्त त्यांनाच माहीत होतं. त्या यादीत त्यांचे मामा होते.

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. वडील लवकर गेल्यावर यांनीच भाचीला वाढवलं, शिकवलं. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेला माणूस. घरातही चहा हवा असला तर विनंती अर्ज करावा तसं बोलायचे. भाचीला अक्षर त्यांनी गिरवायला लावलं, मायना आणि समारोप त्यांनी शिकवला. कुणाला 'तुम्ही' म्हणायचं आणि कुणाला 'आपण', यावरून त्यांनी तिला जेवणाच्या पानावरून उठवलं होतं. आणि याच मामांनी दोन वर्षांपूर्वी इस्पितळाच्या एका फलकावरच्या गचाळ भाषेबद्दल तक्रारीचं पत्र पाठवलं. ते पत्रबाईंच्याच टेबलावर आलं. त्या दिवशी टेबलावर कागदांचा डोंगर होता. त्यांनी नेहमीचं छापील उत्तर काढलं, 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे', सही ठोकली आणि पाठवून दिलं.

मामांनी बोलणं टाकलं. "भाचीने मला छापील उत्तर दिलं," एवढंच ते सगळ्या नातेवाइकांना सांगत राहिले. त्यानंतर त्यांनी ना तिचा फोन घेतला ना दाराशी आल्यावर दार उघडलं.

म्हणून पेसमेकरचं पत्र लिहिताना पत्रबाईंच्या डोळ्यांसमोर दुसरं कुणी नव्हतंच. 'यावे' हा शब्द मामांना कसा टोचेल, हे त्यांना ऐकू येत होतं. तेव्हा त्यांनी पत्राला मखमल चढवली. 'सन्माननीय महोदय, आपणांस सविनय कळविण्यात येते की,' इथून सुरुवात करून 'आपण आपल्या सवडीनुसार तपासणीसाठी येण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती. होणाऱ्या तसदीबद्दल क्षमस्व,' इथपर्यंत. एका माणसाची समजूत काढायची म्हणून लिहिलेलं पत्र सगळ्यांना गेलं. डॉक्टरबाईंनी मराठी प्रत वाचली नाही, त्यांना वेळ नव्हता. कायदा विभागाने वाचली आणि दोन्ही पत्रं सारखीच नम्र आहेत, असा शेरा मारून मंजूर केली.

"सिस्टर," पत्रबाई म्हणाल्या, "हे माझ्यामुळे झालंय."

"आता ते नंतर. ज्यांचं हृदय सर्वस्वी यंत्रावर आहे त्यांच्यापुढे मी लाल खूण केलीय. ती नावं आधी बघा."

पत्रबाईंनी पाहिलं. मामांच्या नावापुढे लाल खूण होती.

कचेरी सुटल्याबरोबर त्या तशाच मामांच्या घरी गेल्या. दोन जिने चढून घंटी वाजवली. आत पावलं वाजली, थांबली, मग पुन्हा वाजली. इतकी हळू पावलं मामांची नव्हती. दार साखळीपुरतं उघडलं.

"मामा, मी. बारकी."

फटीतून चष्मा दिसला. "आपलं काय काम होतं?"

सख्ख्या मामाने 'आपण' म्हणावं, यापरीस त्याने थोबाडीत दिली असती तर बरं, असं बाईंना वाटलं. पण रडायची ही वेळ नव्हती.

"तुम्हाला इस्पितळाचं पत्र आलंय ना? उद्या चला. आत्ताच चला. मी गाडी बोलावते."

"पत्र मिळालेलं आहे. आम्ही आमच्या सवडीनुसार येऊ."

"मामा, सवड नाहीये हो! ते पत्र चुकलंय. मी चुकीचं लिहिलं."

"पत्र उत्तम आहे. मी तीनदा तपासलं, एक चूक नाही."

"भाषा चुकली नाही, मामा. सूर चुकला. बॅटरी संपू शकते. कधीही."

फटीतल्या चष्म्यामागे क्षणभर काहीतरी हललं. मग मामा खाकरले. "तसं असतं तर पत्रात तसं लिहिलं असतं. मी आयुष्यभर कचेरीत बसलो. तोंडी निरोपावर एक कागद इकडचा तिकडे केला नाही. कचेरीला काही म्हणायचं असेल तर कचेरीने ते लिहून म्हणावं."

बोलता बोलता त्यांनी चौकटीला हात लावला. डोळे मिटले. ओठांचा रंग उडाला होता.

"चक्कर येते का?"

"उन्हातून आलो आत्ताच."

उन्हं केव्हाच कलली होती. मामांच्या अंगात घरचा सदरा होता आणि पायात काही नव्हतं. हा माणूस आज दिवसभर घराबाहेर पडलेला नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पत्रबाईंनी साखळीतून हात घातला, तसं मामांनी दार लोटलं. जोरात नाही. जोर नव्हताच.

त्या पायरीवर बसून राहिल्या. शुद्धीवर असलेल्या माणसाला उचलून नेता येत नाही. रुग्णवाहिका बोलावली असती तर मामांनी चालकाकडे लेखी आदेश मागितला असता. शेवटी त्यांनी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला गाठलं, तिला इस्पितळाचा नंबर दिला आणि वर काही पडल्याचा आवाज आला तर वाट न बघता फोन करायला सांगितलं. घरी जाताना त्यांना स्वतःचा इतका राग आला होता, की दोन वेळा त्या वाट चुकल्या.

सकाळी डॉक्टरबाईंच्या खोलीत चौघं जमली. डॉक्टरबाई, सिस्टर, पत्रबाई आणि कायदा विभागाचे अधिकारी. या अधिकाऱ्यांना अख्खं इस्पितळ पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणायचं, कारण त्यांच्याकडून कुठलाही कागद स्वल्पविराम वाढल्याशिवाय परत येत नसे.

पत्रबाईंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. इंग्रजीतली सभ्यता आपण मराठीत शब्दाने उतरवली, वर आपल्या पदरचे चार शेर घातले, आणि लोकांना तो मानपान वाटला. मामांचंही सांगितलं.

"ओरडायचं नंतर ओरडेन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज दुसरं पत्र जायला हवं. कडक. लिहा, 'तपासणीस उपस्थित राहणे बंधनकारक आहे.'"

"नको," सिस्टर ताडकन म्हणाल्या. "बंधनकारक म्हटलं की माणूस आधी वकिलाकडे जातो. आमच्या शेजाऱ्यांना असलं पत्र आलं तर ते दार लावून आत बसतात. लोकांना वाटेल कसलं तरी बिल थकलंय."

"मग मायन्यात थोडा ओलावा आणू," स्वल्पविराम म्हणाले. "इंग्रजीत आपण 'डिअर' म्हणतोच. इथे 'प्रिय' घाला."

"इंग्रजीतल्या 'डिअर'ला कुणी लाडात येत नाही," पत्रबाई म्हणाल्या. "मराठीत इस्पितळाने अनोळखी बाईला 'प्रिय' लिहिलं तर तिचा नवरा पत्र घेऊन येईल. ती येणार नाही. नुसतं नाव लिहू. श्री. अमुक यांस, श्रीमती तमुक यांस. बस्स."

त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. 'यावे' लिहिलं, थांबल्या. 'यावे'त लोकांना परिपत्रकाचा वास येतो, हे त्यांना आता कळत होतं. असली परिपत्रकं लोक कपाटात ठेवतात. त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'या.'

स्वल्पविरामांची भुवई वर गेली. "या? असं उघडंबोडकं?"

"हो. घराला आग लागल्यावर आपण शेजाऱ्याला 'यावे' म्हणत नाही."

"मग इंग्रजीतही 'कम' लिहावं लागेल, आणि ते नोकराला दटावल्यासारखं वाचतं. माझा नियम साधा आहे. दोन्ही पत्रं एकाच मापाची हवीत. उद्या कुणी विचारलं, की एका भाषेच्या रुग्णाशी नम्रपणे आणि दुसऱ्याशी तुसडेपणाने का बोललात, तर उत्तर मला द्यायचंय."

हे म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पत्रबाईंच्या डोळ्यांसमोर चौकटीला धरलेला हात होता. त्यांनी स्वतःला बजावलं, की आता आवाज चढवायचा नाही.

"साहेब, उरलेल्या दोघा इंग्रजीवाल्यांना 'प्लीज अटेंड' लिहू आणि तारीख ठळक करू. ते तेवढ्यावर येतील. मराठीत तेवढंच नम्र लिहिलं, तर काय होतं ते आपण पाहिलं. माप शब्दांचं नाही धरायचं. वाचणारा किती वेगाने घराबाहेर पडतो, ते माप धरायचं."

"ते मी तपासू कसं? शब्द तपासता येतात."

"बाहेरच्या खुर्च्या मोजा," सिस्टर म्हणाल्या.

स्वल्पविरामांनी चष्मा पुसला. डॉक्टरबाईंना वेगळीच धास्ती होती. ही सगळी हृदयाची माणसं. पत्र वाचूनच कुणी घाबरं झालं तर? त्यासाठी त्यांनी एक वाक्य सांगितलं, तपासणी दुखत नाही आणि थोड्या वेळात होते. तेवढं घातल्यावर पत्र असं झालं:

'तुमच्या छातीत बसवलेल्या पेसमेकरची बॅटरी ठरल्यापेक्षा लवकर संपू शकते. ती संपत आली आहे का, हे फक्त इथल्या यंत्रावर कळतं. म्हणून उद्या दुपारपर्यंत हृदय विभागात या. आधी वेळ ठरवायची गरज नाही. चक्कर येत असेल किंवा दम लागत असेल, तर उद्याची वाट पाहू नका, ताबडतोब या. एकटे येऊ नका. तपासणी दुखत नाही आणि थोड्या वेळात होते. आमच्या आधीच्या पत्रात ही घाई स्पष्ट झाली नव्हती, ती चूक आमची आहे.'

शेवटच्या वाक्यावर स्वल्पविराम अडखळले. चूक लेखी कबूल करायची त्यांना सवय नव्हती. मग त्यांनी मंजुरीची सही केली. त्या दिवशी त्यांनी एकही स्वल्पविराम वाढवला नाही.

टपालाच्या भरवशावर राहायचं नाही, असं ठरलं. इस्पितळाच्या चालकांना पत्रं वाटून दिली. प्रत्येकाने पत्र हातात द्यायचं आणि पोच घ्यायची. मामांचं पत्र पत्रबाईंनी स्वतः न्यायचं टाळलं. कचेरीने लिहून म्हणावं असं मामा म्हणाले होते, तर कचेरीच जाऊ दे. चालक संध्याकाळी परतला. "दिलं," तो म्हणाला. "उभ्या उभ्या वाचलं. कानाची पाळी लाल झाली. पोचेवर सही करताना कागद फाटला. मी म्हटलं, आजोबा, चला की माझ्याबरोबर गाडीतून. तर म्हणाले, मी पार्सल नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी बाहेर रांग होती. नातवाची परीक्षा असलेल्या आजी सूनबाईंना घेऊन आल्या होत्या. दुकानदार दुकानाला कुलूप लावून आला होता. ज्याला समारंभ वाटला होता तो खट्टू चेहऱ्याने कोपऱ्यात बसला होता. सिस्टर एकेक खूण करत होत्या. तंत्रज्ञ प्रत्येकाच्या छातीवर यंत्राची चपटी तबकडी ठेवून पडद्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "ठीक आहे, आपण उठू शकता." माणसं सुटकेचा श्वास टाकून उठत होती. फक्त एका बाईंना त्याने आत थांबवून घेतलं.

मामा नव्हते. पत्रबाईंनी त्यांना तीनदा फोन लावला, मग शेजारणीला. शेजारणीने सांगितलं, की म्हातारा सकाळीच कपडे करून बाहेर पडला, कुठे ते सांगितलं नाही. दुपार टळायला आली. रांग विरळ झाली. पत्रबाईंना बसवेना आणि उभंही राहवेना. मामा इस्पितळाच्या वाटेवर कुठे पडले असतील, हे चित्र त्या डोळ्यांपुढून हटवत होत्या आणि ते पुन्हा येत होतं.

तेवढ्यात तळमजल्यावरून आवाज आला. सगळ्या इस्पितळाने ऐकावा असा.

"कोणी लिहिलं हे? 'या' म्हणे! 'ताबडतोब या'! मी काय यांच्या घरचा गडी आहे?"

पत्रबाई जिना धावत उतरल्या. चौकशीच्या खिडकीपाशी मामा उभे होते. इस्त्रीचा सदरा, काखेत फाईल. एका हाताने त्यांनी खिडकीची कड घट्ट धरली होती आणि खिडकीतली मुलगी रडायच्या बेतात होती.

"'एकटे येऊ नका' म्हणे. मी एकटाच आलोय, लिहून घ्या! रिक्षा मिळाली नाही, अर्धी वाट चालत आलो, तेही लिहून घ्या. माझी तक्रार आहे आणि ती मी वरिष्ठांच्या हातात देणार आहे."

बाईंना एकाच वेळी हसू आणि रडू आलं. ज्याला लीनतेने हलवता आलं नाही, तो रागाने का होईना पण हलला होता. पण मामांच्या कपाळावर घाम होता आणि सदऱ्याची कॉलर भिजली होती.

"मामा, मी लिहिलं ते."

मामा वळले. "तू?" दोन वर्षांनी तोंडातून 'तू' निसटलं आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "तुला मी हे शिकवलं?"

"नाही. तक्रार वर घेतात, हृदय विभागात. चला, मी नेते."

हे धडधडीत खोटं होतं. पत्रबाईंनी आयुष्यात इतक्या सहज कधी थाप मारली नव्हती. चाकाची खुर्ची आणली तर मामा म्हणाले, "मी चालतो," आणि दोन पावलांवर खुर्चीत बसले. लिफ्टमध्ये ते पत्रातल्या वाक्यांची चिरफाड करत होते. दाराबाहेर येईपर्यंत त्यांची वाक्यं तुटायला लागली.

तंत्रज्ञाने त्यांना पलंगावर निजवलं. "तक्रार निजून द्यायची?" मामांनी विचारलं. तबकडी छातीवर ठेवली गेली. पडद्यावर आकडे आले आणि सकाळपासून सगळ्यांना 'आपण' म्हणणारा तो तंत्रज्ञ पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "काका, हलू नका. अजिबात हलू नका. सिस्टर, डॉक्टरबाईंना बोलवा. आत्ता."

मामांनी आयुष्यभर भाषेचे चढउतार मोजले होते. हा उतार त्यांना डॉक्टरांच्या कुठल्याही शब्दाआधी समजला. त्यांचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला.

"बारके," ते म्हणाले. "हात धर गं माझा."

तिने धरला. डॉक्टरबाई आल्या, पडद्याकडे एकदा पाहिलं, आणि भराभर सूचना द्यायला लागल्या. बॅटरी जवळजवळ संपली होती आणि मामांचं स्वतःचं हृदय तिच्याशिवाय फार काही करू शकत नव्हतं. आधी पायातल्या शिरेतून तात्पुरती तार घालून हृदयाला आधार द्यायचा, मग यंत्र बदलायचं. पलंग बाहेर ढकलला गेला. दारापर्यंत पत्रबाई हात धरून धावल्या. पुढे जाऊ दिलं नाही.

त्या खुर्च्यांच्या रांगेत बसल्या. सिस्टर शेजारी येऊन बसल्या. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. पत्रबाईंनी देवाला विनवलं, तेही चार ओळींत आणि मायन्याशिवाय.

बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई टोपी काढत बाहेर आल्या. "झालं," त्या म्हणाल्या. "बरे आहेत. उद्या आले असते, तर मी काही सांगू शकले नसते." मग जाता जाता मागे वळून म्हणाल्या, "ओरडायचं माझ्या लक्षात आहे. आणि पुढच्या वेळी मराठी प्रत मीही वाचणार आहे."

दुसऱ्या दिवशी मामा उशीला टेकून बसले होते. छातीवर नवी पट्टी होती, ओठांना रंग होता. त्यांनी पहिल्यांदा फाईल मागितली. आत दोन्ही पत्रं व्यवस्थित भोकं पाडून लावली होती.

"पहिलं पत्र तुझं, हे मला पहिल्या ओळीतच कळलं होतं," ते म्हणाले. बोलणं हळू होतं, पण त्यात 'आपण' कुठे नव्हतं. "त्या छापील कागदानंतर इतकी आदब. म्हटलं, पोरीला उपरती झाली. रोज काढून वाचायचो. सवडीनुसार लिहिलंस, तर म्हटलं आपणही थोडी सवड घ्यावी. तू न्यायला येशील, असं वाटत होतं मला."

"आले होते की हो मामा."

"आलीस." ते खिडकीकडे बघत राहिले. "आलीस आणि मी साखळी काढली नाही."

पत्रबाईंना रडू आवरलं नाही. आवरायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मामांनी त्यांना रडू दिलं आणि मग खाकरले. ते खाकरणं जुनं होतं, हेडक्लार्कचं.

"दुसरं पत्र उद्धट आहे."

"हो."

"माझी तक्रार कायम आहे."

"नोंद घेते," पत्रबाई म्हणाल्या आणि जीभ चावली. मामांच्या मिशीत काहीतरी हललं. ते हसू असावं.

"कुठलं पत्र वर लावलंय ते बघ जरा."

त्यांनी पाहिलं. वर पहिलं होतं, मखमली, कडा वाचून वाचून मऊ झालेलं. दुसरं त्याच्या खाली चुरगळून सरळ केलेलं.

"मीच तसं लावलं होतं," मामा म्हणाले. "कचेरीत वरचा कागद तो चालू कागद. बदल."

पत्रबाईंनी फाईलची दोरी सोडली आणि 'या' असलेला कागद वर घेतला. मग पहिलं पत्र हातात धरून त्या थांबल्या.

"हे काढून टाकू का?"

"काढू नकोस," मामा म्हणाले. "खाली राहू दे."